फळी लांबवली की कपाट हलकं होतं का?

गेल्या महिन्यात घर बदललं. लोखंडी कपाट टेम्पोत चढवायचं होतं आणि हमालांनी टेम्पोच्या हौद्याला तीन मीटरची फळी तिरकी लावली. मागे सहा मीटरची फळी पडलेली होती. मी म्हटलं, "ती लावा ना, सोपं जाईल." त्यांच्यातले वयस्कर काका म्हणाले, "नको दादा, रखडवून रखडवून हात भरून येतील." शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे माझं बरोबर होतं. प्रत्यक्षात काकांचं बरोबर होतं, आणि ते का, हे आकडे मांडल्यावर कळतं.

कपाट शंभर किलोचं आणि हौदा एक मीटर उंच धरू. घर्षण नसेल तर तीन मीटरच्या उतरणीवर ओढायला शंभराच्या एक तृतीयांश, म्हणजे ३३ किलोचा जोर पुरतो. भार जोराच्या तिप्पट, हा झाला आदर्श यांत्रिक फायदा: ३. सहा मीटरच्या फळीवर तो ६ होतो आणि जोर १७ किलोवर येतो.

पण लाकडी फळीवर लोखंडी बूड घासतं. घर्षणांक, म्हणजे फळीवरच्या दाबाच्या किती पट घर्षण होतं तो आकडा, ०.४ धरला, तर तीन मीटरच्या फळीवर घर्षणाचेच ३८ किलो वाढतात आणि एकूण जोर ७१ किलो लागतो. प्रत्यक्ष फायदा १.४. आदर्श फायद्याशी त्याचं गुणोत्तर म्हणजे कार्यक्षमता, ती ४७ टक्के भरते. आता सहा मीटरची फळी घ्या. चढ निम्मा झाला, पण कपाट फळीवर जवळपास तेवढंच दाबून बसलेलं आहे, त्यामुळे घर्षण कमी होत नाही, उलट किंचित वाढून ३९ किलो होतं. एकूण जोर ५६ किलो. फळी दुप्पट केली आणि वाचले फक्त १५ किलो. ओढायचं अंतर मात्र दुप्पट, म्हणून कार्यक्षमता ३० टक्क्यांवर घसरली. फळी कितीही लांबवा, जोर ४० किलोच्या खाली येणारच नाही, कारण सपाट जमिनीवर ते कपाट ओढायलाच ४० किलो लागतात.

उलट टोकाला आणखी गंमत आहे. फळी १.४ मीटरपेक्षा आखूड केली, की चढ साधारण ४६ अंशांच्या वर जातो आणि फळीवरून ओढायला सरळ उचलण्यापेक्षाही जास्त जोर लागतो. तिथे कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या वर आहे, पण जोराचा फायदा शून्य. कार्यक्षमता किती कष्ट वाया गेले ते सांगते. हात किती हलका झाला, हा वेगळा प्रश्न आहे, आणि या दोन्हींची गल्लत फार जण करतात.

तरफेत हा त्रास जवळजवळ नसतो. समजा टेकूपासून २० सेंटीमीटरवर शंभर किलोचा भार आहे आणि एक मीटरवर आपला हात. आदर्श जोर २० किलो. टेकूची खीळ दोन सेंटीमीटर व्यासाची आणि घर्षणांक ०.२ असला, तरी प्रत्यक्ष जोर २०.२४ किलोच लागतो. कार्यक्षमता जवळपास ९९ टक्के. हात चांगला हातभर खाली येतो तेव्हा खिळीवरचा पृष्ठभाग जेमतेम अर्धा सेंटीमीटर घासतो. उतरणीवर मात्र भार पूर्ण लांबीभर घासत जातो.

मग कपाटाखाली लोखंडी पाईप घालून ते का सरकवलं नाही? घर्षणांक ०.०२ पर्यंत उतरला असता, तर तीन मीटरच्या फळीवर ३५ किलो पुरले असते आणि कार्यक्षमता ९५ टक्के झाली असती. हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "मग मध्ये दम खायला थांबायचं कसं?" घासत जाणारं कपाट हात सोडला तरी जागेवर राहतं. पाईपांवरचं कपाट हात सुटताच ३१ किलोच्या ओढीने मागे आलं असतं, आणि मागे माणूस उभा होता.

याला नेमका हिशोब आहे. चढताना आणि उतरताना घर्षण सारखंच मानलं, तर कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली असलेल्या उतरणीवर भार आपोआप घसरत नाही. आमची फळी ४७ टक्क्यांची, म्हणजे थोडक्यात सीमेच्या आत होती. फळी ओली झाली असती, किंवा टेम्पो हादरला असता, तर तो भरवसा राहिला नसता.

गाडीचा स्क्रू जॅक याच हिशोबावर उभा आहे. त्याचं मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण, आणि तिचा चढ मुद्दामच इतका कमी ठेवलेला असतो की निम्म्याहून जास्त कष्ट घर्षणात जातात. म्हणूनच हँडल सोडलं तरी गाडी खाली येत नाही. धातू कापणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनमधल्या बॉल स्क्रूमध्ये आट्यांच्या मधून पोलादी गोळ्या फिरतात आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. तिथे उभ्या अक्षाच्या मोटरला ब्रेक बसवावा लागतो, नाहीतर वीज गेल्याबरोबर जड हेड स्वतःच्या वजनाने स्क्रू उलटा फिरवत खाली येईल.