आधीच्या मालकाचे फोन

नवीन सिमकार्ड घेतल्यावर त्या क्रमांकाच्या पूर्वीच्या वापरकर्त्यासाठी येणारे फोन व संदेश. बंद पडलेला मोबाइल क्रमांक कायमचा बाद होत नाही. काही काळ पडून राहिल्यावर तो पुन्हा विक्रीला येतो. असा क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. पण तीन महिन्यांत माणसे ओळखीच्याचा नंबर खोडत नाहीत, आणि कर्ज देणाऱ्या संस्था तर आपणहून सहसा खोडत नाहीत.

कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने गुळाचा हंगाम भरात असताना नवे सिम घेतले. नंबर आधी एका गूळ व्यापाऱ्याकडे असावा, कारण दुसऱ्याच दिवशी पहाटे फोन आला, "आबा हायत काय? उद्या गाडी लावू का मार्केट यार्डात?" नंबर आता आपला आहे हे सांगितल्यावर पलीकडून उत्तर आले, "मग आबांचा नवा नंबर द्या की!" हे फोन त्रासाचे असले तरी निरुपद्रवी असतात. ते कापण्यापेक्षा एकदा उचलून "हा नंबर बदललाय, आबांचा राहिला नाही, तुमच्या फोनमधून काढून टाका" असे सांगणे बरे. गुऱ्हाळावरच्या एकाला सांगितले की चार जणांना आपोआप कळते. त्या मुलाचे असे फोन महिनाभरात आटले.

खरे चिवट असतात ते वसुलीचे फोन. त्याच मुलाला आबांच्या ट्रॅक्टरच्या थकलेल्या हप्त्यासाठी दिवसाला पाच-सहा फोन येऊ लागले. त्याने नंबर ब्लॉक केले, पण फोन दरवेळी वेगळ्या क्रमांकावरून येत. १९०९ वर डीएनडी लावले, त्याचाही उपयोग झाला नाही. डीएनडी जाहिरातींसाठी आहे, चालू कर्जखात्याचे फोन त्यात अडत नाहीत. फोनवरची बाई प्रत्येक वेळी "नोंद करते सर" म्हणायची, आणि ती खोटे बोलत होती असे नाही. वसुली एजन्सीकडे संस्थेकडून ठरावीक काळाने नवी यादी येते. एजंटने जुन्या यादीवर "चुकीचा नंबर" असा शेरा मारला तरी मूळ खात्यात तोच क्रमांक असल्याने तो पुढच्या यादीत परत येतो. म्हणून क्रमांक खोडायचा तो मूळ खात्यातून, आणि त्यासाठी लेखी मागणी लागते.

पुढच्या फोनला त्याने वाद न घालता फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव विचारून घेतले. स्वतःचे नाव, पत्ता, आधार किंवा पॅन दिले नाही. "खात्री करायला हवी" म्हणून एजंट ते मागतात, पण चुकीचा नंबर काढायला त्यांची गरज नसते. मग संस्थेच्या संकेतस्थळावरून तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधून चार ओळी लिहिल्या: "हा क्रमांक अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे. आपल्या कर्जदाराशी माझा संबंध नाही. क्रमांक खात्यातून व वसुली एजन्सींच्या याद्यांतून काढावा आणि तक्रार क्रमांक कळवावा." सोबत सिम सुरू झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट आणि आठवडाभराच्या फोनांची तारीख-वेळ जोडली. वेळ मुद्दाम नोंदवावी, कारण वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. ३० दिवसांत दखल घेतली गेली नाही तर cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. त्याच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. तक्रार क्रमांक आल्यावर तुरळक फोन येत राहिले, त्यांना तो क्रमांक वाचून दाखवला की संभाषण तिथेच संपे.

संस्थांना हे आधी कळण्याची सोयही आहे. बंद झालेल्या क्रमांकांची यादी उपलब्ध असते, आणि ती वापरून आपल्याकडील नोंदी तपासाव्यात असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना व वित्तसंस्थांना सांगितले. जिथे हे काम नेमाने होते तिथून असे फोन सहसा येत नाहीत.

आबांच्या खात्याचे ओटीपी येऊ लागले तर प्रकरण नाजूक होते. ते कोणालाही वाचून दाखवू नयेत, अगदी "मी आबाच बोलतोय" म्हणणाऱ्यालाही नाही. मालकाने बँकेत जाऊन स्वतः नंबर बदलावा एवढेच सांगावे.

दुकानात नंबर निवडतानाच थोडी पारख करता येते. पसंत पडलेला क्रमांक पैसे पाठवायच्या ॲपमध्ये टाकून पाहावा, व्हॉट्सॲपवरही शोधावा. तिथे दुसऱ्याचे नाव किंवा फोटो दिसला तर दुकानदाराकडे पुढचा नंबर मागावा. मात्र काहीच दिसले नाही म्हणून नंबर कोरा असेलच असे नाही. आबांनी कर्जाच्या अर्जावर तो लिहिला होता, हे अशा ॲपला कळत नाही.