शुगरची गोळी बदलताना पट्टीवर काय वाचायचं

जनरिक म्हणजे हलका माल, हे आपल्याकडे पूर्व भागापासून जुळे सोलापूरपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. गंमत म्हणजे शुगरच्या सगळ्यात कॉमन गोळीचा, मेटफॉर्मिनचा, एक कच्चा माल आपल्या सोलापूरच्याच बालाजी अमाईन्समध्ये बनतो, डायमिथाईल अमाईन हायड्रोक्लोराईड नावाचा. तो डायसायनडायअमाईडबरोबर तापवला की मेटफॉर्मिन तयार होतं, मग पट्टीवर नाव कुणाचंही छापा. आणि आपण ज्याला ब्रँडेड म्हणतो त्यातलं बरंचसं मुळात जनरिकच असतं, पेटंट कधीच संपलेलं औषध, फक्त कंपनीने त्याला आपलं नाव दिलेलं.

मग फरक पडतो कुठे? सॉल्टमध्ये, म्हणजे मूळ औषधात नाही, गोळी पोटात कशी सुटते त्यात.

एक उदाहरण घेऊ. चादर कारखान्यातून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी आहे, एकाच गोळीत ग्लिमेपिराईड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर, म्हणजे महिन्याला ६० गोळ्या. यातलं एसआर हे अक्षर लोक वाचतच नाहीत. एसआर म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी, पाणी लागलं की तिच्यातला पॉलिमर फुगून जेलीसारखा होतो आणि मेटफॉर्मिन त्यातून कित्येक तास हळूहळू झिरपत राहतं. काकांना चुकून साधं ५०० मिळालं तर सॉल्ट तेच, पण औषध एकदम सुटतं, मळमळ आणि जुलाब सुरू होऊ शकतात आणि मग घरी ठरतं की जनरिक सोसत नाही. एसआर गोळी कुटून किंवा चावून खाल्ली तरी हेच होतं, भले ती कितीही महागाची असो.

आणि हो, कधीकधी शौचातून आख्खी गोळी बाहेर पडल्यासारखी दिसते, लोक घाबरतात, बोगस आहे म्हणतात. ते रिकामं टरफल असतं, औषध आधीच निघून गेलेलं असतं. महागड्या ब्रँडचंही पडतं.

ग्लिमेपिराईडचं प्रकरण जरा नाजूक, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि डोस एक-दोन मिलिग्रॅमचा. अशा कमी विरघळणाऱ्या औषधांच्या गोळीला नवा परवाना हवा असेल तर एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे बायोइक्विव्हॅलन्स चाचणी लागते. निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी आणि एकदा नवी गोळी देतात, तासातासाने रक्त घेऊन औषध किती चढलं, कधी चढलं ते मोजतात. यात ८० ते १२५ टक्के अशी मर्यादा असते आणि त्यावरून लोक म्हणतात की जनरिकमध्ये २० टक्के औषध कमी. तसं नाहीये. सरासरीच्या आजूबाजूची जी अनिश्चितता असते, ती पूर्णच्या पूर्ण त्या पट्ट्यात बसावी लागते, म्हणून सरासरी जवळपास सारखीच असावी लागते. अमेरिकेत १९९६ ते २००७ मधल्या दोन हजारांहून जास्त चाचण्या तपासल्या तेव्हा शरीरात पोचलेल्या एकूण औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

काकांनी करायचं काय, तर जुनी पट्टी हातात धरून नवी तिच्याशी ताडायची, दोन्ही सॉल्टची नावं, दोन्हीचे मिलिग्रॅम आणि एसआर. ग्लिमेपिराईड १ आणि २ मध्ये घोळ फार होतो, पट्ट्या सारख्याच दिसतात. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलंय तर मेडिकलवाल्याला परस्पर दुसरं द्यायला कायद्याने परवानगी नाही, म्हणून सॉल्टचं नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायचं.

खरा धोका मात्र वेगळाच असतो. जुन्या पट्टीतल्या गोळ्या उरलेल्या, नवी पट्टी आणलेली, नावं वेगळी म्हणून काकांना वाटतं दोन वेगळ्या गोळ्या आहेत, दोन्ही घेतात. ग्लिमेपिराईड डबल झालं की शुगर लो होते, घाम, थरथर, बोलताना गोंधळ. मीटरवर ७० च्या खाली आलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, मग भाकरी-बिकरी काहीतरी खायला द्यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा, कारण या गोळीचा लो काही तासांनी परत येऊ शकतो. माणूस गिळण्याच्या स्थितीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

बदलल्यावर दोन आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर लिहून ठेवायची. १४० चं १५० झालं म्हणून गोळीला नावं ठेवू नका, घरच्या मीटरमध्येच १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. पक्का निकाल तीन महिन्यांनी एचबीएवनसीमध्ये दिसतो, कारण ती तपासणी रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात. आधी ७.४ होतं आणि आता ७.५ आलं तर गोळी चालतीये. ८.५ आलं तर आधी गोळ्या चुकल्या का, खाणं बदललं का ते बघा, मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत पट्ट्या ठेवल्या होत्या का तेही बघा, आणि मग डॉक्टरांशी बोला.

पैशाचं बघायचं तर एक खोच आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही जनरिकवर छापील किंमत ब्रँडइतकीच असते, फक्त दुकानदाराला ती बरीच स्वस्तात पडते. म्हणून छापील आकड्यावर किती सूट देतात ते विचारायचं, आणि तीच गोळी जनऔषधी केंद्रात कितीला आहे ते एकदा बघून यायचं.