एफडीडी की टीडीडी: अपलोडच्या वाट्याला किती येतं?

फोन आणि टॉवर यांच्या बोलण्याच्या दोन दिशा वेगळ्या ठेवायच्या दोन पद्धती आहेत: एफडीडी आणि टीडीडी. भारतात 1800 मेगाहर्ट्झचा 4जी पट्टा एफडीडी आहे; 2300 चा 4जी आणि 3300 चा 5जी टीडीडी. फोनच्या पडद्यावर हा फरक दिसत नाही, पण व्हिडिओ पाहणं आणि व्हिडिओ पाठवणं यांच्या वेगात इतकं अंतर का पडतं, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

एफडीडीत दोन्ही दिशांना वेगळी फ्रिक्वेन्सी असते. 1800 च्या पट्ट्यात फोन 1710 ते 1785 मध्ये बोलतो, टॉवर 1805 ते 1880 मध्ये. दोघं एकाच वेळी बोलतात. स्वतःच्या प्रक्षेपणाने स्वतःचे कान बधिर होऊ नयेत म्हणून फोनमध्ये डुप्लेक्सर नावाचा फिल्टर असतो. तो ठरावीक पट्ट्यासाठीच घडवलेला असतो, त्यामुळे दोन दिशांची वाटणी मनाला येईल तशी बदलता येत नाही. टीडीडीत फ्रिक्वेन्सी एकच असते आणि पाळी वेळेने ठरते. 5जीच्या नेहमीच्या मांडणीत अर्ध्या मिलिसेकंदाचा एक स्लॉट असतो आणि पाच स्लॉटचं आवर्तन चालू राहतं: तीन डाउनलिंकचे, म्हणजे टॉवरकडून फोनकडे; एक मिश्र; एक अपलिंकचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडे. मिश्र स्लॉटमध्ये दिशा बदलण्यापूर्वी थोडी शांतता राखलेली असते, कारण लांबच्या फोनपर्यंत लहर पोहोचायला आणि तिथून परत यायला वेळ लागतो.

आता 40 मेगाहर्ट्झ दोन्हींना देऊन पाहा. एफडीडीत 20 आणि 20. टीडीडीत मिश्र स्लॉटमधला डाउनलिंकचा भाग धरून सुमारे 30 मेगाहर्ट्झइतकी क्षमता डाउनलोडला मिळते आणि अपलोडला 8 च्या आसपास. संध्याकाळी वस्तीतले लोक व्हिडिओ पाहत असतील तर दुसरी वाटणी उघडच सरस आहे. एफडीडीत त्याच वेळी अपलिंकचा बराच भाग रिकामा पडून राहतो.

उलटी गरज असेल तर? एखाद्या कारखान्याला स्वतःच्या 5जी जाळ्यावर प्रत्येकी 4 एमबीपीएसचे 40 कॅमेरे चालवायचे आहेत, म्हणजे अपलोड 160 एमबीपीएस. एका हर्ट्झमागे सेकंदाला सरासरी 3 बिट जातात असं धरू. एफडीडीच्या 20 मेगाहर्ट्झ अपलिंकमधून 60 एमबीपीएस निघतील. 100 मेगाहर्ट्झ टीडीडीत पाचातला एकच स्लॉट अपलिंकचा असेल तर तेही 60 च. म्हणजे स्पेक्ट्रम भरपूर घेऊनही कॅमेरे अडखळणार. तीन स्लॉट अपलिंकला दिले की 180 एमबीपीएस होतात आणि काम भागतं, फार मोकळीक उरत नाही एवढंच.

कागदावर हे सोपं आहे. अडचण कुंपणाबाहेर असते. तिथल्या सार्वजनिक टॉवरची आणि कारखान्याची मांडणी शेजारी ठेवली की ती दिसते (D डाउनलिंक, U अपलिंक, S मिश्र):

```
टॉवर     D D D S U
कारखाना  D S U U U
```

तिसऱ्या स्लॉटमध्ये कारखान्याचा बेस स्टेशन ऐकत असतो आणि टॉवर पूर्ण ताकदीने बोलत असतो. चौथ्या स्लॉटचाही मोठा भाग असाच जातो. दोघांची फ्रिक्वेन्सी एकच किंवा लगतची असेल, तर भरवशाचा एकच अपलिंक स्लॉट उरतो, पाचवा. आकडा पुन्हा 60 वर येतो. जाड भिंती, पुरेसं अंतर किंवा फ्रिक्वेन्सीत मोकळी जागा, यांतलं काहीतरी आधी मोजून घेतल्याशिवाय गुणोत्तर बदलू नये. शेजारच्या सार्वजनिक जाळ्यांच्या कंपन्यांनी मांडणी एकच ठेवायची आणि घड्याळंही जुळवायची, ती याचसाठी. त्यात परवानगी असलेली चूक मायक्रोसेकंदांत मोजतात आणि वेळ सहसा जीपीएसवरून घेतात.

बिघाड ओळखायची खूण अशी: सिग्नल पूर्ण, डाउनलोड चांगला, पण अपलोड रखडतो आणि जोडणी तुटते. बेस स्टेशनवर अपलिंकचा गोंगाट पहाटे तीनला, वापर जवळपास शून्य असतानाही, चढलेला दिसतो. तो स्लॉटनिहाय तपासावा. काही ठरावीक स्लॉटच सतत खराब असतील तर शेजाऱ्याचं गुणोत्तर वेगळं आहे. सगळे अपलिंक स्लॉट बरे, पण शांततेनंतर लगेच येणारा भागच खराब आणि पुढे गोंगाट उतरत जातो, असं असेल तर हवेच्या थरांत अडकून खूप लांबच्या टॉवरची लहर येते आहे. समुद्रकाठी हे जास्त घडतं आणि हवामान बदललं की आपोआप जातं.

टॉवरपासून लांब असलेल्या फोनच्या बाबतीत मात्र एफडीडीची बाजू भक्कम आहे. फोनची कमाल ताकद साधारण 0.2 वॉट. एफडीडीत तो ती सलग वापरू शकतो. पाचात एक अपलिंक स्लॉट असलेल्या टीडीडीत पाचव्या हिश्श्याच्या वेळेतच. तितकीच ताकद असूनही टॉवरला मिळणारी ऊर्जा पाचपट कमी. म्हणून टॉवरच्या क्षेत्राच्या कडेला 5जीचा डाउनलोड टिकतो, अपलोड आधी कोसळतो, आणि नेटवर्क तो 1800 किंवा 900 च्या एफडीडी पट्ट्यावर वळवतं.