चिनी खोलीत मुळात कोणता प्रोग्रॅम बसवला होता?

बंद खोलीत बसलेल्या माणसाला चिनी भाषा येत नाही, तरी तो चिनी प्रश्नांना बरोबर चिनी उत्तरं देतो. तेव्हा संगणकालाही भाषा समजत नसते. जॉन सर्ल यांचा 'चिनी खोली' हा विचारप्रयोग बहुतेक वेळा असा एका वाक्यात सांगितला जातो. एवढंच ऐकलं, की खोलीत असलेल्या वस्तू मनाला येईल तशा ठेवल्या असाव्यात असं वाटतं. पण सर्ल यांनी त्यांतली प्रत्येक वस्तू एका प्रत्यक्ष प्रोग्रॅमकडे बघून ठेवली होती. तो प्रोग्रॅम माहीत असेल तरच त्यांच्या युक्तिवादाचा रोख नीट कळतो.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ रॉजर शँक आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एबलसन एका अवघड प्रश्नावर काम करत होते. माणूस एखादी छोटी गोष्ट वाचतो तेव्हा न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी त्याला आपोआप कळतात. संगणकाला त्या कशा कळाव्यात? त्यांचं नेहमीचं उदाहरण हॉटेलातलं असे. एक माणूस हॉटेलात जातो, हॅम्बर्गर मागवतो. तो करपलेला येतो. माणूस चिडून, पैसे न देता निघून जातो. आता विचारा, त्याने हॅम्बर्गर खाल्ला का? गोष्टीत याबद्दल एक शब्दही नाही, पण वाचणारा लगेच 'नाही' म्हणतो.

शँक आणि एबलसन यांचं उत्तर होतं 'स्क्रिप्ट'. हॉटेलात जाण्याचे ठरलेले प्रसंग संगणकात आधीच भरून ठेवायचे: आत येणं, मागवणं, खाणं, पैसे देऊन बाहेर पडणं. प्रत्येक प्रसंगात कोण काय करतो हेही त्यात असे, आणि त्या क्रिया मोजक्या मूळ क्रियांमध्ये मांडलेल्या असत. एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं म्हणजे PTRANS, खाणं-पिणं म्हणजे INGEST. गोष्ट आली की प्रोग्रॅम ती या सांगाड्यावर बसवून बघे आणि मधल्या रिकाम्या जागा सांगाड्यातून भरून घेई. माणूस खूश होऊन भरपूर टिप देऊन गेला, तर त्याने खाल्लंच असणार, हेही त्याला सांगता येई. लग्नाच्या पंगतीची किंवा दवाखान्याची गोष्ट दिली तर मात्र त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट कुणीतरी हाताने लिहायला हवी होती.

इथपर्यंत सर्ल यांची काही हरकत नव्हती. बर्कलीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सर्ल यांची हयात भाषेच्या अर्थावर विचार करण्यात गेली होती; बोलणं ही एक कृती कशी असते, यावरचं त्यांचं पुस्तक १९६९ सालीच आलं होतं. त्यांना खटकला तो पुढचा दावा. असा प्रोग्रॅम गोष्ट खरोखर समजून घेतो, आणि माणूस गोष्ट कशी समजतो याचं स्पष्टीकरणही देतो, असं या क्षेत्रातले काही जण म्हणत. संगणक हे मनाचा अभ्यास करण्याचं उपयोगी साधन आहे, ही भूमिका सर्ल यांना मान्य होती. योग्य प्रोग्रॅम चालवणं म्हणजेच मन असणं, ही भूमिका त्यांना अमान्य होती. १९८०च्या लेखात त्यांनी पहिलीला दुर्बल आणि दुसरीला सबळ कृत्रिम बुद्धिमत्ता असं नाव दिलं.

त्या लेखातल्या खोलीत कागदांचे तीन गठ्ठे येतात, तिन्ही चिनी भाषेत. कोणत्या चिन्हापुढे कोणतं चिन्ह मांडायचं याचे नियम तेवढे इंग्रजीत आहेत, आणि आत बसलेल्या माणसाला, म्हणजे सर्ल यांनी कल्पनेत तिथे बसवलेल्या स्वतःलाच, ते समजतात. बाहेरचे लोक पहिल्या गठ्ठ्याला 'स्क्रिप्ट', दुसऱ्याला 'गोष्ट', तिसऱ्याला 'प्रश्न' आणि इंग्रजी नियमांना 'प्रोग्रॅम' म्हणतात. आतल्या माणसाला यातलं काहीच माहीत नाही. म्हणजे येलच्या प्रोग्रॅमचे सगळे भाग जसेच्या तसे इथे आहेत, फक्त यंत्राच्या जागी माणूस आहे. त्याच माणसाला तशाच गोष्टी इंग्रजीत दिल्या तर तोही बरोबर उत्तरं देतो, पण आता हॅम्बर्गर म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं. बाहेरून दोन्ही उत्तरं सारखीच चांगली दिसतात, फरक आत आहे.

माझ्या मते युक्तिवादाचं सगळं बळ या तुलनेत आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९५०मध्ये सुचवलेल्या कसोटीत यंत्राची उत्तरं माणसासारखी आहेत का, एवढंच बघायचं होतं. सर्ल यांनी उत्तरं चांगली आहेत हे सुरुवातीलाच मान्य करून टाकलं. त्यामुळे 'आताचा प्रोग्रॅम जास्त चांगली उत्तरं देतो' असं म्हणून त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. उद्या खोलीने कविता लिहिली तरी त्यांचा प्रश्न तिथेच राहतो.

लेख छापणाऱ्या नियतकालिकाने त्यासोबतच २७ अभ्यासकांच्या प्रतिक्रिया छापल्या. सर्वांत जास्त चर्चा झाली ती एका आक्षेपाची: माणसाला चिनी समजत नसेल, पण माणूस, नियम आणि कागद मिळून जी व्यवस्था होते तिला समजतं. सर्ल यांचं उत्तर होतं, तो माणूस सगळे नियम पाठ करून खोलीबाहेर उघड्या माळावर बसला असं समजा. आता सगळी व्यवस्था त्याच्या आतच आहे, आणि तरी त्याला चिनी येत नाही. हे उत्तर ऐकायला चोख वाटतं, पण ते सगळ्यांना पटलं नाही. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांचं म्हणणं असं, की अस्सल संभाषण करणारा प्रोग्रॅम अवाढव्य आणि अनेक थरांचा असेल. कागद सरकवणाऱ्या एका माणसाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की आपण तो आकार विसरतो, आणि 'इथे कुठे समज आहे?' असं वाटणं त्या विसरण्यातूनच येतं. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हॉटेलाच्या स्क्रिप्टचे नियम पाठ करणारा माणूस कल्पनेत सहज बसतो, संपूर्ण भाषेचे नियम पाठ करणारा बसत नाही.

दुसरा आक्षेप होता यंत्राला शरीर देण्याचा: कॅमेरा लावा, हात-पाय द्या, मग चिन्हांचा जगाशी संबंध जुळेल. सर्ल म्हणाले, कॅमेऱ्यातून येणारी माहितीही खोलीत आणखी काही चिन्हं म्हणूनच येणार. पण हा धागा इथे तुटला नाही. ज्या नियतकालिकात लेख आला त्याचे संपादक स्टीव्हन हार्नाड यांनी १९९०मध्ये त्यातून वेगळा प्रश्न काढला: चिन्हाला अर्थ चिकटतो तरी कसा? चिनी न येणाऱ्या माणसाला फक्त चिनी-चिनी शब्दकोश दिला तर तो एका शब्दावरून दुसऱ्यावर फिरत राहील, अर्थापर्यंत कधीच पोचणार नाही. काही चिन्हं तरी पाहण्याशी, हाताळण्याशी थेट जोडलेली हवीत, असं हार्नाड यांचं मत होतं.

आजच्या भाषा-मॉडेलांमध्ये हाताने लिहिलेली स्क्रिप्ट नाही. तिथे अफाट मजकुरातून शिकून घेतलेले अब्जावधी आकडे आहेत, आणि आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असू शकेल हे त्यांवरून ठरतं. ही आकडेमोडही तत्त्वतः खोलीतल्या माणसाला कागदावर करता येईल, म्हणून सर्ल यांचा मूळ युक्तिवाद तिलाही लागू होतो. बदललं आहे ते इतकंच, की आता इंग्रजीतले नियम असलेली वही खोलीत नाही. कोणता आकडा काय करतो हे मॉडेल बनवणाऱ्यांनाही पूर्णपणे सांगता येत नाही. मॉडेल उघडून ते शोधावं लागतं. शँक यांच्या प्रोग्रॅममध्ये 'खाणं' कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत होतं.