पी-मूल्य ०.०३ आणि ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के’: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

‘पी-मूल्य ०.०३ आले, म्हणजे औषध निरुपयोगी असण्याची शक्यता फक्त ३ टक्के.’ प्रबंधात, अहवालात, सादरीकरणात हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटते आणि दर वेळी ते चूकच असते. टी-चाचणी कशी लावायची हे तुम्हाला येते असे धरतो आणि थेट निष्कर्षाच्या वाक्याकडे वळतो.

एक उदाहरण घेऊ. रक्तदाबाच्या रुग्णांचे प्रत्येकी ५० जणांचे दोन गट केले. एका गटाला नवे औषध दिले, दुसऱ्याला जुने. नव्या औषधाच्या गटात रक्तदाब सरासरी ४.४ एककांनी जास्त उतरला. दोन्ही गटांत प्रमाण विचलन १० होते, म्हणून फरकाची प्रमाण त्रुटी २ आणि टी २.२. दुबाजू चाचणीत पी-मूल्य साधारण ०.०३ येते.

आधी शून्य परिकल्पना तपासा, त्याला वेळ लागत नाही. ‘दोन्ही गटांच्या सरासऱ्या सारख्या आहेत’ असे लिहिले असेल तर ते खोडा. गटांच्या सरासऱ्यांत ४.४ चा फरक डोळ्यांसमोर आहे, त्यासाठी चाचणी कशाला? परिकल्पना समष्टीबद्दल असते: अशा सगळ्या रुग्णांत दोन्ही औषधांचा सरासरी परिणाम सारखाच आहे. ‘नवे औषध जास्त गुणकारी आहे’ ही तर पर्यायी परिकल्पना झाली. आकडे पाहिल्यावर चाचणी एकबाजू करून पी-मूल्य ०.०१५ वर आणणे मला अजिबात मान्य नाही. बाजू आधी ठरवायची असते.

आता खरा घोटाळा. पी-मूल्य सांगते ते एवढेच: दोन्ही औषधे खरोखर सारखीच असती, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक, कोणत्याही बाजूने, शंभरात साधारण ३ वेळा दिसला असता. शून्य परिकल्पना खरी धरूनच हा आकडा काढलेला आहे. जे गृहीत धरले, तेच खरे असण्याची शक्यता त्याच आकड्यातून कशी निघेल? त्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते: मुळात अशी औषधे किती वेळा खरी गुणकारी निघतात.

हिशेब करून पाहू. समजा अशा १,००० औषधांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांपैकी १०० च जुन्यापेक्षा खरी सरस आहेत. पातळी ०.०५ ठेवली, तर उरलेल्या ९०० पैकी ४५ औषधे केवळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतील. चाचणीची क्षमता ८० टक्के असेल, तर खऱ्या १०० पैकी ८० सापडतील. लक्षणीय ठरलेली एकूण १२५, त्यांतली ४५ पोकळ. म्हणजे ३६ टक्के! आता सुरुवातीलाच निम्मी औषधे सरस होती असे धरा. मग ५०० पैकी २५ पोकळ आणि ४०० खरी, म्हणजे चुकीचे प्रमाण ६ टक्क्यांच्याही खाली. पातळी तीच, क्षमता तीच, तरी उत्तर ३६ वरून ६ वर आले. या हिशेबात ०.०५ च्या आतली सगळी पी-मूल्ये एकत्र धरली आहेत, नेमक्या ०.०३ साठी आकडे बदलतील, मुद्दा बदलणार नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हेच स्पष्ट केले होते की, परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता पी-मूल्य मोजत नाही.

हाच गोंधळ उलट्या दिशेनेही होतो. वरचाच ४.४ चा फरक प्रत्येकी २० रुग्णांत मिळाला असता, तर प्रमाण त्रुटी ३.१६, टी १.३९ आणि पी-मूल्य साधारण ०.१७ आले असते. लगेच कोणीतरी लिहितो, ‘शून्य परिकल्पना स्वीकारली, औषधांत फरक नाही.’ फरक तर तेवढाच आहे, फक्त रुग्ण कमी झाले. ९५ टक्के विश्वास अंतराल पाहा: उणे २ पासून जवळजवळ ११ पर्यंत. यात शून्यही बसते आणि मोठा फायदाही बसतो. म्हणून ‘नाकारता आली नाही’ असेच लिहावे. ‘स्वीकारली’ हा शब्द मी तपासताना सरळ कापतो.

पहिल्या उदाहरणाचा निष्कर्ष मी असा लिहीन: ‘दोन्ही औषधांचा सरासरी परिणाम सारखा असता, तर कोणत्याही बाजूने ४.४ एककांइतका किंवा अधिक फरक दिसण्याची संभाव्यता ०.०३ असती. ती ०.०५ पेक्षा कमी असल्याने शून्य परिकल्पना नाकारली. फरकाचे ९५ टक्के विश्वास अंतराल ०.४ ते ८.४.’ यातला ‘असता, तर’ गाळला की वाक्य पुन्हा चुकते. आणि अंतरालाचे खालचे टोक ०.४ आहे, इतका किरकोळ फायदा रुग्णाच्या उपयोगाचा आहे का, हे पी-मूल्य सांगत नाही. ते डॉक्टरांनाच ठरवावे लागते.