पाच किलोमीटर, नाडी आणि चालण्याची वेळ

"पहिल्यांदा पाच किलोमीटर धावताना दम तुटेपर्यंत धावायचं, अगदीच नाही जमलं तर चालायचं."

हा सल्ला ऐकायला सोपा, पण दम तुटला म्हणजे उशीर झालेला असतो. त्या टप्प्यावर नाडी मिनिटभर चालून पुरेशी खाली येत नाही, मग प्रत्येक विश्रांती लांबते आणि शेवटचा किलोमीटर रखडतो. म्हणून चालणं आधीच सुरू करायचं, नाडीची वरची मर्यादा ठरवून.

समजा वय 42. 220 मधून वय वजा केलं की 178, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त इतके ठोके. त्याचे 85 टक्के म्हणजे साधारण 150. घड्याळात 150 दिसले की झपझप चाला, 125 वर आले की पुन्हा धावा. हे सूत्र सरासरीचं आहे, तुमचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकतो. 150 ला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर मर्यादा खाली आणा. नाडी मंदावणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे गणित सोडाच, डॉक्टरांना विचारा.

मरीन ड्राइव्हच्या दमट हवेत त्याच वेगाला नाडी हळूहळू चढत जाते. त्यामुळे धावण्याचे तुकडे शेवटी आखूड होणारच, तो अशक्तपणा नव्हे. मनगटी घड्याळ मात्र कधीकधी पावलांचा ठेका नाडी म्हणून दाखवतं. शंका आली तर थांबून लगेच 15 सेकंद बोटांनी ठोके मोजा, चारने गुणा.

पटत नसेल तर एका रविवारी दम तुटेपर्यंत, पुढच्या रविवारी नाडी बघून धावा आणि शेवटच्या किलोमीटरची वेळ ताडून बघा.