‘सिम नाही’ आणि ‘नेटवर्क नाही’: दोन संदेश, दोन वेगळे बिघाड

लोकलमध्ये किंवा लिफ्टमध्ये रेंज गेली की फोनवर ‘No service’ दिसते, आणि त्याची सवय झालेले आपण ‘No SIM’ हा संदेशही त्याच खात्यात टाकतो. या दोहोंचा संबंध मात्र फार कमी आहे. पहिल्यात फोनने कार्ड वाचलेले असते, पण टॉवर मिळत नाही किंवा कंपनीने तो क्रमांक बंद केलेला असतो. दुसऱ्यात फोन कार्डापर्यंतच पोहोचत नाही: कार्डाला वीज देऊन त्याने रीसेटचा इशारा धाडलेला असतो आणि त्याला उत्तर आलेले नसते. त्यामुळे रिचार्ज करणे किंवा खिडकीपाशी जाऊन उभे राहणे येथे निरुपयोगी ठरते.

शंका असल्यास सेटिंग्जमध्ये ‘SIM status’ उघडून ICCID, म्हणजे सिमकार्डाचा स्वतःचा अनुक्रमांक, पाहावा. भारतीय सिमचा हा क्रमांक 8991 ने सुरू होतो. तो दिसत असेल, तर कार्ड वाचले जात आहे आणि दोष नेटवर्कच्या बाजूला आहे.

तो दिसत नसेल, तर फोन बंद करून ट्रे काढावा. पिन ट्रेजवळच्याच छिद्रात घालावी, कारण खालच्या कडेचे छिद्र बहुधा मायक्रोफोनचे असते. नॅनो सिमची जाडी 0.67 मिलिमीटर असते, तर जुन्या मोठ्या सिमची 0.76, म्हणून कात्रीने कापलेले जुने कार्ड ट्रेमध्ये बसल्यासारखे वाटले, तरी आत घासते आणि स्लॉटमधल्या बारीक स्प्रिंगपिना वाकवू शकते. ट्रे वाकलेला असल्यासही कार्ड पिनांवर नीट टेकत नाही.

कार्डात दोष की स्लॉटमध्ये, हे अदलाबदलीने कळते. परळमधील एका दोन-सिम फोनचे उदाहरण घ्या: भर पावसात तो शर्टाच्या खिशात भिजला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे पहिले सिम दिसेनासे झाले. तेच कार्ड दुसऱ्या फोनमध्ये चालले, आणि चालू असलेले दुसरे कार्ड पहिल्या जागी घातल्यावर तेही दिसेना. म्हणजे कार्ड निर्दोष होते. टॉर्च मारून पाहिल्यावर आत एका पिनेवर हिरवट थर आढळला. कार्डाचा सोनेरी भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने घरी पुसता येतो. स्लॉटमध्ये मात्र टूथपिक किंवा सुई घालू नये, कारण वाकलेली पिन सरळ करणे हे भिंगाखालचे काम आहे. त्या फोनचा स्लॉट अखेर दुरुस्तीवाल्यानेच साफ केला.

कोणतेही कार्ड कोणत्याही जागी दिसत नसेल, तर *#06# डायल करावे. IMEI रिकामा आला, तर बिघाड मदरबोर्डावर असण्याची शक्यता जास्त.

उलट, तेच कार्ड दुसऱ्या फोनमध्येही दिसले नाही, तर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीतून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे. ते सुरू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, तेव्हा बँकेच्या ओटीपीवर अवलंबून असलेले काम त्या दिवशी ठेवू नये.